पतपत्राची दुरुस्ती

परदेशातून यंत्रे आणविणाऱ्याच्या वतीने बँक विक्रेत्याला जे पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, देते, त्यात एक साधे पण कठोर वचन असते. ठरलेले कागद ठरलेल्या शब्दांत व मुदतीत आले, तर पैसे मिळतील. बँक माल पाहत नाही. ती केवळ कागद पाहते. माल उत्तम असूनही कागद पतपत्राशी जुळला नाही, तर वचनातून बँक मोकळी होते. अशा वेळी आयातदाराने काय करावे, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, इचलकरंजीच्या एका कारखानदाराने बेल्जियमहून चार रॅपियर माग मागविले आहेत. किंमत 1,20,000 युरो, ‘एफ. ओ. बी. अँटवर्प’. पतपत्रात लिहिले आहे: माल अँटवर्प बंदरातून न्हावा शेवा येथे यावा, जहाजभरणी 31 मेपर्यंत व्हावी, पतपत्राची मुदत 21 जूनला संपेल. 6 जूनला विक्रेत्याकडून कागदांच्या नकला येतात. बिल ऑफ लेडिंगवर बंदर रॉटरडॅम आहे, भरणीची तारीख 4 जून आहे आणि बीजकात मागाचा नमुना-क्रमांक पतपत्राहून वेगळा पडला आहे. मूळ कागद अजून बँकेत सादर झालेले नाहीत.

येथे पहिला विवेक हा की, प्रत्येक विसंगतीवर पतपत्र बदलणे हा उपाय नव्हे. नमुना-क्रमांक हा टंकलेखनाचा दोष असेल, तर विक्रेत्याने बीजक नव्याने करावे. परंतु तत्पूर्वी जहाजावर खरोखर कोणते माग चढले, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. कारण चुकीचा माल गेला असेल, तर पतपत्र बदलणे म्हणजे त्या चुकीवर आपणच शिक्का मारणे होय. बंदर व तारीख यांची गोष्ट निराळी. त्या घडून गेलेल्या गोष्टी आहेत. बिल ऑफ लेडिंगवर मागची तारीख घालून घेणे ही लबाडी आहे. म्हणून येथे पतपत्रच सत्याला अनुसरून बदलले पाहिजे.

आता बँकेला अर्ज लिहावयाचा. त्यात पतपत्राचा क्रमांक, आजचे कलम व हवे असलेले कलम शेजारी शेजारी द्यावे आणि शेवटी ‘इतर सर्व अटी पूर्ववत’ असे म्हणावे. हा कारखानदार घाईने फक्त दोनच बदल मागेल: बंदर रॉटरडॅम आणि भरणीची अखेरची तारीख 4 जून. इथेच चूक होते. मालाच्या वर्णनात ‘एफ. ओ. बी. अँटवर्प’ हे शब्द तसेच राहतात. मग बीजकावर अँटवर्प लिहावे लागते आणि बिल ऑफ लेडिंग रॉटरडॅम सांगते. एक विसंगती मिटविताना दुसरी जन्मते. म्हणून तेही शब्द बदलावेत. कागद पोहोचण्यास वेळ लागेल, म्हणून पतपत्राची मुदतही 25 जूनपर्यंत वाढवावी. भरणीपासून कागद सादर करण्यास सामान्यतः मिळणारे 21 दिवस त्याच दिवशी संपतात. शिवाय एफ. ओ. बी. सौद्यात विमा बहुधा खरेदीदारच उतरवितो. तेव्हा बंदर बदलल्याचे विमा कंपनीलाही कळवावे.

बँकेने दुरुस्ती काढली, की ती त्या दुरुस्तीने लगेच बांधली जाते. पण विक्रेत्याने संमती कळवीपर्यंत त्याच्यापुरत्या जुन्याच अटी चालू राहतात. मात्र दुरुस्तीशी जुळणारे कागद त्याने सादर केले, तर तीच त्याची संमती ठरते. एकाच दुरुस्तीतील काही बदल स्वीकारून काही नाकारता येत नाहीत. तसे केल्यास सारी दुरुस्ती नाकारली, असे धरले जाते. ‘अमुक दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजू’ ही ओळ घातली, तरी तिचा उपयोग नाही. हे 2007 सालापासून लागू असलेल्या यू. सी. पी. 600 या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे सांगणे आहे. म्हणून अर्जापूर्वीच विक्रेत्याला मसुदा दाखवून त्याचा होकार घेणे शहाणपणाचे.

आणि मूळ कागद बँकेत सादर झाल्यावर विसंगती कळली, तर? तेव्हा वाट बहुधा दुसरी असते. बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. त्यांत ती आयातदाराला विचारू शकते, की या विसंगती तुम्हाला मान्य आहेत का. मान्यता दिली, तरी बँक ती स्वीकारीलच, असे बंधन नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने या दोन वाटांत मोठा भेद आहे. दुरुस्तीने त्याला बँकेचे वचन पुन्हा मिळते. मान्यतेच्या वाटेने तो खरेदीदाराच्या मर्जीवर राहतो, आणि तोवर माल बंदरात भाडे खात पडू शकतो.

याच कारणाने आयातदारानेही सही करण्यापूर्वी थांबावे. दुरुस्ती म्हणजे स्वतःच्या संरक्षणाचे एकेक कलम सोडणे. बंदर बदलल्याने मागाचे काही बिघडत नाही. परंतु विक्रेत्याने त्याच अर्जात तपासणी-प्रमाणपत्राची अट गाळण्याची विनंती केली असेल, तर ती मात्र मान्य करू नये. कारण पैसे गेल्यावर मागात खोट निघाली, तर तिचा जाब बँकेकडे नव्हे, मूळ करारानुसार विक्रेत्याकडेच मागावा लागतो.