चौकोनी पडद्याच्या दोन बाजू, कानाने मोजलेल्या

डफ, हलगी, दिमडी, संबळ, तबला: आपल्याकडची बहुतेक चर्मवाद्यं गोल तोंडाची. पोर्तुगालच्या पूर्वेकडच्या बैरा बैशा भागात मात्र ‘आदुफे’ नावाचं चौकोनी वाद्य वाजतं. लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी कातडं ताणलेलं असतं आणि बायका ते हातांत उभं धरून बोटांनी वाजवतात. हाताला गोल वाद्य सोयीचं असेल, पण गणिताला चौकोनच सोपा पडतो. गोल पडद्याची कंपनं मांडायला बेसेलची फलनं लागतात. काटकोनी चौकोनाला शाळेतलं साइन आणि पायथागोरसचं प्रमेय पुरतं. हे गणित एकदा उलगडलं की आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. पडदा न बघता, नुसता त्याचा आवाज ऐकून त्याची लांबी-रुंदी सांगता येईल का?

उदाहरणासाठी एकच पडदा घेऊ. चौकट ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद. तिच्यावर ड्रमला वापरतात तशी प्लास्टिकची फिल्म ताणलेली आहे आणि तिचं वजन दर चौरस मीटरला २५० ग्रॅम आहे. ताण सगळीकडे सारखा, कडेच्या दर मीटर लांबीमागे २३०४ न्यूटन. या पडद्यावरून लहर किती वेगाने धावेल हे ताण आणि वजन या दोनच गोष्टी ठरवतात. ताणाला दर चौरस मीटरच्या वस्तुमानाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. २३०४ भागिले ०.२५ म्हणजे ९२१६, आणि त्याचं वर्गमूळ ९६. म्हणून आपल्या पडद्यावर लहर सेकंदाला ९६ मीटर जाते. हा वेग c.

पडद्यावरचा एखादा बिंदू वर उचलला गेला की ताण त्याला खाली ओढतो. तिथे पडदा जितका जास्त वाकलेला, तितकी ही ओढ जास्त. वाक लांबीच्या दिशेनेही असतो आणि रुंदीच्या दिशेनेही, आणि दोन्हींच्या ओढी एकमेकींत मिळतात. बिंदूची उंची u मानली, तर हे सगळं एका ओळीत येतं:

u_tt = c² (u_xx + u_yy)

डावीकडे आहे बिंदूचं त्वरण, उजवीकडे दोन दिशांचे वाक. लिओनार्ड ऑयलरने पडद्याच्या कंपनांचा हा प्रश्न अठराव्या शतकात हाताळला. त्याचा निबंध १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात चौकोनी व गोल असे दोन्ही पडदे होते.

अडचण अशी की या समीकरणात x, y आणि t एकत्र गुंतलेले आहेत. ते सुटे करण्याची युक्ती म्हणजे आधी एक साधा अंदाज धरायचा. उंची ही तीन स्वतंत्र गोष्टींचा गुणाकार आहे असं मानायचं: एक फक्त लांबीवर अवलंबून, एक फक्त रुंदीवर, एक फक्त वेळेवर. म्हणजे u = X(x)·Y(y)·T(t). हे समीकरणात घालून u ने भागलं की उरतं:

T″ / (c² T) = X″/X + Y″/Y

डाव्या बाजूला फक्त वेळ आहे, उजवीकडे फक्त जागा. वेळ पुढे सरकली तरी उजवी बाजू हलत नाही, म्हणून डावीही हलू शकत नाही. जागा बदलली तरी डावी बाजू तीच, म्हणून उजवीही तीच. याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून एक ठरावीक संख्या आहे. उजवीकडच्या दोन पदांनाही हाच न्याय लागू होतो: x बदलताना Y″/Y जागचं हलत नाही, म्हणून X″/X ही सुद्धा ठरावीक संख्याच. एक अवघड समीकरण होतं, त्याची तीन सोपी झाली.

पुढचं काम चौकट करते. पडदा कडांना घट्ट बसवलेला आहे, म्हणून तिथे उंची नेहमी शून्य. X ला दोन्ही टोकांना शून्य व्हायचं आहे. X″/X ही संख्या शून्य किंवा धन असेल, तर X ही सरळ रेषा होते किंवा वाढत जाणारा घातांकी वक्र. असा वक्र दोन्ही टोकांना शून्यावर येऊ शकत नाही, सगळीकडेच शून्य असला तर गोष्ट वेगळी. म्हणून संख्या ऋणच हवी आणि X हा साइनचा वक्र हवा. तोही कुठलाही चालत नाही. लांबीत अर्ध्या लहरी पूर्ण संख्येनेच बसल्या पाहिजेत: एक, दोन, तीन. ही संख्या m. रुंदीत तशाच n. या दोन पूर्ण संख्यांची प्रत्येक जोडी म्हणजे पडद्याची एक कंपनरीत. (२, १) या रीतीत पडद्याचा डावा अर्धा भाग वर असतो तेव्हा उजवा खाली असतो, आणि मधली उभी रेषा हलतच नाही. ती निस्पंद रेषा. खाली स्पीकर ठेवून पडद्यावर बारीक वाळू भुरभुरली आणि नेमकी त्या रीतीची वारंवारता वाजवली, तर वाळू या रेषेवर आणि कडांना जमते.

आता वारंवारता काढू. लांबीच्या दिशेने जाऊन-येऊन लहर ८० सेंटिमीटर चालते. सेकंदाला ९६ मीटरच्या वेगाने अशा १२० फेऱ्या होतात. रुंदीच्या दिशेने फेरी ६० सेंटिमीटरची, म्हणून १६० फेऱ्या. हे दोन आकडे, c/2a आणि c/2b, या पडद्याची सगळी कुंडली आहेत, कारण कंपनरीतीची वारंवारता अशी निघते:

f = √[(120 m)² + (160 n)²]

हे पायथागोरसचंच प्रमेय आहे. काटकोन त्रिकोणाची एक बाजू १२० च्या पटीत, दुसरी १६० च्या पटीत, आणि कर्ण म्हणजे ऐकू येणारी वारंवारता. (१, १) साठी १२० आणि १६० चा कर्ण २०० हर्ट्झ. गंमत अशी की खुद्द १२० किंवा १६० हर्ट्झ हा पडदा कधीच देत नाही. त्यासाठी m किंवा n शून्य असायला हवा, आणि मग त्या दिशेचा साइन शून्य होऊन पडदा सपाटच राहतो.

पुढच्या वारंवारता अशा: (२, १) ला २८८, (१, २) ला ३४२, (३, १) ला ३९४, (२, २) ला ४००. तारेच्या वाद्यात २०० नंतर ४००, मग ६०० असे पूर्ण पटीतले अधिस्वर येतात आणि कानाला एकच स्वर ठाम ऐकू येतो. इथे पटी १.४४, १.७१, १.९७ अशा येतात, म्हणून स्वर ठरत नाही. साध्या गोल पडद्याचीही हीच रड असते. तबला आणि मृदंगावरची शाई मधल्या भागाचं वजन वाढवून हे अधिस्वर पूर्ण पटींच्या जवळ आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिलं.

थाप कुठे पडते यावरही आवाज बदलतो. नेमकी मध्यभागी मारली, तर m किंवा n सम असलेल्या सगळ्या रीती गप्प राहतात, कारण त्यांची निस्पंद रेषा मधून जाते. मग २८८, ३४२ आणि ४०० गायब, २०० आणि ३९४ मात्र वाजतात. म्हणून पडद्याचा पूर्ण आवाज ऐकायचा तर थाप कोपऱ्याजवळ मारावी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा आपल्याला लहरीचा वेग ९६ मीटर हा माहीत आहे आणि सर्वांत खालच्या दोन वारंवारता मोजून मिळाल्या: २०० आणि २८८.४. सर्वांत खालची नेहमी (१, १) ची. दुसरी लांब बाजूत दोन अर्ध्या लहरी बसवणारी, म्हणजे (२, १) ची. दोन्हींचे वर्ग घेतले की ४०,००० आणि साधारण ८३,२०० येतात. रुंदीचा वाटा दोन्हींत सारखाच, तो वजाबाकीत जातो. ४३,२०० उरतात आणि ते लांबीच्या वाट्याच्या तिप्पट असतात. एक वाटा १४,४००, त्याचं वर्गमूळ १२०. मग ४०,००० मधून १४,४०० गेले की २५,६०० उरतात, त्याचं वर्गमूळ १६०. ९६ ला १२० च्या दुपटीने भागा, ४० सेंटिमीटर. १६० च्या दुपटीने भागा, ३० सेंटिमीटर. दोन आवाज, दोन बाजू.

कोणत्याही आकाराच्या पडद्याबाबत असं करता येईल का, हा प्रश्न मार्क कॅट्स यांनी १९६६ मध्ये विचारला. उत्तर नकारार्थी निघालं: १९९२ मध्ये गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांनी वेगवेगळ्या आकाराचे, तरीही सगळ्या वारंवारता सारख्या असलेले दोन बहुकोनी पडदे दाखवले. पण आकार काटकोनी चौकोन आहे एवढं आधी ठाऊक असेल, तर पहिल्या दोनच वारंवारता पुरतात.

चौकट चौरस असेल तर मामला नाजूक होतो. बाजू ४० आणि ४० असताना (२, १) आणि (१, २) या दोन्ही रीती २६८ हर्ट्झलाच वाजतात. दोन्ही एकत्र हलल्या की निस्पंद रेषा उभी किंवा आडवीच असेल असं नाही. दोन्हींचा जोर सारखा असेल तर ती कर्णावर येते. आता सुताराच्या हातून एक बाजू ३९ सेंटिमीटरची झाली असं समजा. दोन्ही वारंवारता वाढतात, पण सारख्या नाही: एक होते साधारण २७०, दुसरी २७४. हा फरक सूर म्हणून कळणार नाही, पण दोन्ही एकदम वाजताना आवाज सेकंदाला चार वेळा कमी-जास्त होतो. हेच विस्पंद. एका सेंटिमीटरची चूक अशी कानाला कळते.

प्रत्यक्षातला पडदा मात्र या सूत्राशी पूर्ण प्रामाणिक राहत नाही. तो हलताना आजूबाजूची हवाही ओढून नेतो. तेवढं वजन जणू वाढतं, आणि त्याचा फटका खालच्या वारंवारतांना जास्त बसतो. म्हणून आपल्या चौकटीची पहिली वारंवारता २०० च्या खालीच भरेल. हे ओळखायला सूत्रातच एक कसोटी आहे: बाजू काहीही असोत, (२, २) ची वारंवारता (१, १) च्या नेमकी दुप्पट यायला हवी. ती दुपटीहून जास्त भरली, तर हवेचा किंवा फिल्मच्या ताठपणाचा हात आहे असं समजावं आणि खालच्या दोन वारंवारतांवरून काढलेल्या बाजूंवर विश्वास ठेवू नये.

एक चूक मात्र ही कसोटी पकडू शकत नाही. पडदा लांबीच्या दिशेने जास्त ताणला गेला आणि रुंदीच्या दिशेने कमी, तर लहरीचा वेग दोन दिशांना वेगळा होतो. तरीही (२, २) ही (१, १) च्या दुप्पटच राहते, पायथागोरसचा हिशोब तसाच जुळतो आणि फक्त १२० व १६० हे आकडे बदलतात. ३९ सेंटिमीटरची बाजू आणि ४० सेंटिमीटरची जरा जास्त ताणलेली बाजू कानाला एकच वाटतात. कारण कान बाजूची लांबी मोजतच नाही, लहरीला तिथून जाऊन यायला लागलेला वेळ मोजतो. त्या वेळेची लांबी करायची तर दोन्ही दिशांचा ताण आधी माहीत हवा, नाहीतर हातात मोजपट्टी घ्यावी लागते.