प्रकल्पातला ‘चेक डॅम’ बदलला, पण विहिरींचा आकडा तसाच राहिला!

अकरावी-बारावीच्या पर्यावरण प्रकल्पांत सध्या एक नवी शक्कल दिसते. मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा, मग शब्द फिरवून देणाऱ्या दुसऱ्या ॲपमधून काढायचा. म्हणजे म्हणे, ‘पकडला जात नाही’.

समजा, विषय आहे ‘आमच्या गावातील पाणी’ आणि प्रकल्प इंग्रजीत आहे. हे ॲप दिसेल त्या शब्दाला दुसरा शब्द लावते. ‘चेक डॅम’चे होते ‘इन्स्पेक्ट बॅरियर’. बांधावर वाढलेल्या पोराने असे लिहिले, की सरांना दुसरे मशीन लागत नाही. हे फक्त शाळेतच घडते असे नाही. २०२१ मध्ये संशोधकांनी छापील शोधनिबंधांत अशीच पिळवटलेली वाक्ये शोधली होती. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी चक्क ‘बुझम पेरिल’!

खरा धोका शब्दांत नसून आकड्यात आहे. ‘गावातील ४७ विहिरींची पाहणी केली’ हे वाक्य कितीही फिरवले तरी ४७ तसेच राहतात. तोंडी परीक्षेत सर सहज विचारतात, ‘पातळी कशाने मोजली? कुठल्या महिन्यात?’ तिथे ॲप मदतीला येत नाही. शिवाय मदत घेणे ही एक गोष्ट झाली, ती लपवायला मजकूर फिरवणे ही दुसरी. पहिलीला ‘चुकलं, पुन्हा लिहितो’ म्हणता येते. दुसरीत हेतूच उघडा पडतो.

पण तपासणारी मशीनही काही देव नाहीत. ओपनएआयने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे स्वतः लिहिलेले निबंधही अशा साधनांनी मशीनचे ठरवल्याचे आढळले आहे. म्हणून खरे लिहिणाऱ्यानेही भीतीपोटी मजकूर फिरवू नये, उलट संशय वाढतो. कच्ची वही, दोरीने मोजलेल्या नोंदी, तारखेसह फोटो जपावेत. गुगल डॉक्समध्ये लिहिले असेल तर आधीच्या आवृत्त्याही दाखवता येतात.

मग सांगायचे कधी? सरांनी एआय वापरू नका असे बजावले नसेल, तर वही देतानाच शेवटच्या पानावर दोन ओळी लिहाव्यात: ‘सहा विहिरींची पातळी मी स्वतः मोजली. इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरले, निष्कर्ष माझे आहेत.’ मनाई असेल तर वापरण्याआधीच विचारलेले बरे. वही देऊन झाली असेल, तरी तोंडी परीक्षेच्या आधी सरांना गाठून सांगावे आणि तो भाग पुन्हा लिहून द्यायची तयारी दाखवावी. थोडे गुण जातील, बोलणीही बसतील.

मात्र ४७ विहिरी पाहिल्याच नसतील, तर या दोन ओळींनी भागत नाही. तो आकडा खोडून, दोरी घेऊन विहिरीवरच जावे लागते.