पंधरा सेकंदांत बेदाणा : जाहिरातीतल्या पाच तुकड्यांचा क्रम

मागच्या वेळी आपण मोठ्या जाहिरातींबद्दल बोललो होतो. आज विषय अगदी छोटा आहे. १५ सेकंदांची जाहिरात, म्हणजे रीलमध्ये, यूट्यूबवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला दिसते ती. उदाहरण एकच घेणार आहोत आणि शेवटपर्यंत तेच धरून चालणार आहोत : जत तालुक्यातला एक द्राक्ष-बागायतदार, जो स्वतःचा बेदाणा व्यापाऱ्याच्या सौद्यात न घालता थोडा माल थेट पुण्या-मुंबईच्या घरांत विकू पाहतो. माणूस कल्पनेतला आहे, पण अशी धडपड करणारी मंडळी जत, तासगाव, कवठेमहांकाळ या भागात कमी नाहीत.

आधी हिशोब करू, कारण बहुतेक स्क्रिप्ट इथेच कोलमडतात. मराठीत स्पष्ट, न धावता बोललं तर सेकंदाला साधारण दोन-अडीच शब्द होतात. म्हणजे १५ सेकंदांत जास्तीत जास्त ३५ शब्द, आणि त्यातही श्वास घ्यायला, काही दाखवायला जागा हवी. म्हणून ३० शब्द धरा. मोबाईल नंबर तोंडाने सांगितला तर दहा आकडे म्हणजे दहा शब्द झाले, चार सेकंद गेले! जाहिरातीचा पाव भाग फक्त नंबरात. तेव्हा नंबर पडद्यावर लिहायचा, बोलायचा नाही.

आता आपल्या बागायतदाराची पहिली स्क्रिप्ट कशी असते, बघा. “नमस्कार, जत तालुक्यातील सुप्रसिद्ध बेदाणा उत्पादक आपल्यासाठी घेऊन येत आहेत उत्कृष्ट, चविष्ट, पौष्टिक, शंभर टक्के नैसर्गिक बेदाणा. खास सवलत. त्वरा करा, आजच संपर्क साधा.” यात व्याकरण चुकलेलं नाही, शब्दही बरे आहेत. पण पहिले पाच-सहा सेकंद दुकानदाराची ओळख करून देण्यात गेले, आणि बघणाऱ्याचं बोट तोवर पुढच्या व्हिडिओवर गेलं. त्याला अजून तुमचं नाव माहीत करून घ्यायचं कारणच मिळालेलं नाही.

क्रम ठरवायचा तर बघणाऱ्याच्या मनात एकामागून एक कोणते प्रश्न येतात ते धरायचं. पहिला प्रश्न : हे माझ्या कामाचं आहे का? त्याचं उत्तर म्हणजे हूक. मग, हो, हे मला होतं खरं, ही अडचण. मग, पण तुमचं वेगळं कशावरून? हा पुरावा. तो पटला की, किती पैसे? ही ऑफर. आणि शेवटी, बरं, आता मी करू काय? याला धंद्यात कॉल टू अ‍ॅक्शन म्हणतात, आपण ‘शेवटची सूचना’ म्हणू. हे पाच तुकडे कुणी शास्त्र म्हणून लादलेले नाहीत. कुठल्याही विक्रेत्याला गिऱ्हाईक साधारण याच क्रमाने प्रश्न विचारतं. जाहिरातीत गिऱ्हाईक समोर नसतं, एवढाच फरक.

मग बेदाण्याची अडचण कोणती? इथे घाई करू नये. पुण्याच्या घरात ‘मला पौष्टिक बेदाणा मिळत नाही’ अशी तक्रार कुणी करत नाही. तक्रार वेगळी असते : खिरीत किंवा शिऱ्यात दाताखाली रेती येते, बेदाण्याला काडी चिकटलेली असते. हे का होतं, तेही आपल्याकडच्या माणसाला माहीत आहे. आपल्याकडे द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकवर, जाळीवर वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो, आणि वाळवण्याच्या त्या पंधराएक दिवसांत वारा धूळ आणतोच. जतसारख्या कोरड्या भागात तर आणतोच आणतो. नंतर काड्या काढणं, धुणं, निवडणं, प्रतवारी हे सगळं नीट झालं तर माल स्वच्छ, नाहीतर रेती दातांपर्यंत पोचते. म्हणजे अडचण खरी आहे, आणि आपल्या बागायतदाराची मेहनत नेमकी त्याच ठिकाणी आहे. अशी जागा सापडली की निम्मी स्क्रिप्ट झाली समजा.

हूक याच अडचणीतून निघाला पाहिजे. पुष्कळ लोक हूक म्हणजे काहीतरी धक्का समजतात : मोठा आवाज, विनोद, कुणी पडलेला माणूस. लोक थांबतात, बघतात, आणि तिसऱ्या सेकंदाला बेदाणा आला की निघून जातात, कारण पहिल्या तुकड्याचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. आमच्या मते हूक हा अडचणीचाच पहिला अर्धा भाग असावा. चित्र : खिरीचा चमचा तोंडात जातो, चेहरा आक्रसतो. आवाज : “खिरीत बेदाणा, आणि दाताखाली कचकन!” पाच शब्द, दोन-अडीच सेकंद. मग : “सुट्या बेदाण्यात कधी काडी, कधी रेती.” सहा शब्द. लक्षात घ्या, ‘बाजारातला सगळा बेदाणा घाणेरडा’ असं आपण म्हणत नाही. ‘कधी’ हा शब्द मुद्दाम आहे. शेजारच्या शेतकऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपला माल विकायची गरज नाही, आणि ते खरंही नसतं.

आता पुरावा. पाच तुकड्यांत सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायचा, आणि नेमकं इथेच लोक विशेषणं टाकतात. ‘उत्कृष्ट’ हा पुरावा नाही. ‘शंभर टक्के खात्री’ हाही नाही. पाच सेकंदांत डोळ्यांना दिसेल तोच पुरावा. आपल्या बाबतीत तो सोपा आहे : काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी, पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडलं, मूठभर बेदाणा टाकला, चमच्याने ढवळला, आणि कॅमेरा पेल्याच्या तळाशी. “हा आमचा जतचा बेदाणा. मूठभर पाण्यात टाकला, ढवळला. तळ बघा.” दहा शब्द, आणि त्यानंतर दीड सेकंद कुणी काही बोलत नाही. त्या शांततेत बघणारा स्वतः तपासतो. तिथे संगीत चढवलं, की पुरावा गेला.

हे करताना दोन पथ्यं आहेत. एक, पाकीट विक्रीच्या ढिगातलं, हाताला येईल ते. निवडून धुतलेला माल दाखवला तर पुढच्या महिन्यात तुमचंच गिऱ्हाईक घरी पेल्यात बेदाणा टाकून फोटो पाठवेल. दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं : पेल्यातलं पाणी जेवढं सिद्ध करतं तेवढंच म्हणा. ते रेती-धूळ नाही हे दाखवतं. त्यावरून ‘रसायनमुक्त’ म्हणता येत नाही. आपल्या नेहमीच्या पद्धतीत द्राक्षं बुडवायच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल असतं, शिवाय बागेत फवारण्या झालेल्या असतात. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे वाक्य आपल्याच शेडपाशी खोटं ठरतं. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला उत्पादकावर १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. ‘सांगली बेदाणा’ या भौगोलिक मानांकनाचंही तसंच. त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच ते वापरायचं.

पुराव्यानंतरच ऑफर का? एकदा उलटं करून बघा. “अर्धा किलो दोनशे चाळीस” हे पहिलंच वाक्य आलं, तर बघणाऱ्याच्या डोक्यात कोपऱ्यावरच्या दुकानातला भाव येतो आणि तुलना तिथेच सुरू होते. तोच आकडा स्वच्छ तळ पाहिल्यावर आला, तर तुलना खिरीतल्या त्या ‘कचकन’शी होते. (२४० हा आकडा आपण उदाहरणासाठी धरला आहे, बरं का. भाव त्या-त्या वर्षीचा.)

इथे कुणीतरी विचारणारच : आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशी तर आधी भावच ओरडतात! बरोबर आहे. पण मावशींचा पुरावा समोरच पसरलेला असतो. मेथीची जुडी डोळ्यांना दिसते, हातात घेता येते, म्हणून उरतो तो फक्त भाव. तसंच, रोजच्या ओळखीच्या वस्तूवर सणाला सूट असेल तर सूटच हूक होऊ शकते, साखर काय असते हे कुणाला पटवावं लागत नाही. अनोळखी शेतकऱ्याचा, न पाहिलेला बेदाणा मात्र पुराव्याशिवाय भावावर विकता येत नाही.

ऑफरमध्ये आपल्या बागायतदाराला म्हणायचं होतं : “अर्धा किलो दोनशे चाळीस, घरपोच. काडी निघाली तर पैसे परत.” चांगलं वचन आहे, पण दहा शब्द आहेत आणि उरलेत जेमतेम चार सेकंद, त्यात शेवटची सूचनाही बसवायची आहे. काहीतरी कापावंच लागतं. आम्ही पैसे परतीचं वाक्य कापू, कारण त्याचं बरंचसं काम पेल्याने आधीच केलं आहे. ते वचन व्हॉट्सअ‍ॅपच्या पहिल्या उत्तरात टाकता येईल. उरतं : “अर्धा किलो दोनशे चाळीस, घरपोच.” आणि शेवटी : “व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘बेदाणा’ लिहा.” सूचना एकच. ‘फोन करा, पेज फॉलो करा, मित्रांना पाठवा’ अशा तीन सांगितल्या, की एकही होत नाही. सगळं मिळून ३० शब्द झाले. बोलायला बारा सेकंद, दीड सेकंद तळ बघायला, उरलेला श्वासाला. नंबर मात्र ऑफर सुरू होताच पडद्यावर आणा आणि शेवटपर्यंत ठेवा. बरेच जण आवाज बंद करून बघतात, म्हणून बोललेलं वाक्यही खाली मोठ्या अक्षरात द्या. आवाज बंद करून एकदा स्वतः बघा. काय विकतोय ते कळत नसेल, तर चित्रांचा क्रम चुकलाय.

जाहिरात चालली का, हे लाईकवरून कळत नाही. ते कळतं येणाऱ्या मेसेजवरून. “भाव काय?” असं विचारणारे जास्त असतील, तर ऑफर ऐकू आली नाही किंवा फार लवकर येऊन गेली. “खरंच रेती नसते का?” असं विचारणारे जास्त, म्हणजे पुरावा कच्चा : पेला लांबून दाखवला असेल, किंवा शांतता कापली असेल. लोक शेवटपर्यंत बघतात, पण मेसेजच नाहीत, तर बहुधा शेवटची सूचना धूसर आहे. आणि तिसऱ्या सेकंदालाच गळती दिसत असेल, तर हूक आणि अडचण एकमेकांना ओळखत नाहीत. रीलच्या आकडेवारीत हा उतार आलेखावर दिसतो. एका वेळी एकच तुकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

जाता जाता जतपुरतं एक. तालुक्यात कित्येक गावांत घरी कन्नड बोलतात, आणि विजापूरकडेही गिऱ्हाईक आहे. तिकडे हीच स्क्रिप्ट शब्दाला शब्द लावून नेऊ नका. ‘कचकन’ला तिथला जो शब्द असेल तो घरातल्या माणसाला विचारा, वाक्यं नव्याने बांधा आणि घड्याळ लावून पुन्हा मोजा. पेल्याचं चित्र मात्र तेच चालेल.