बँक अकाउंट 'डॉर्मंट' का होतं? इशारा कसा ओळखायचा आणि खातं परत चालू कसं करायचं?

गेल्या वर्षी जून महिन्यात धाकट्या बहिणीची कॉलेजची फी भरायची होती. शेवटचा दिवस होता आणि माझ्या रोजच्या खात्यात पैसे कमी होते. म्हटलं, काळजी कशाला? पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या जुन्या सॅलरी अकाउंटला साडेएकवीस हजार पडून आहेत की. यूपीआय अ‍ॅपमध्ये ते खातं निवडलं, पिन टाकला, पेमेंट फेल. परत केलं, परत फेल. बँकेचं अ‍ॅप उघडलं तर खात्याच्या नावाखाली एकच शब्द दिसला: `Dormant`.

फी मी मित्राकडून उसने घेऊन भरली. पण डोक्यात एकच प्रश्न होता. त्या खात्यात दर तीन महिन्यांनी दीडशेच्या आसपास व्याज जमा होत होतं, त्याचे मेसेजही येत होते. मग खातं बंद पडलं कसं?

व्याज जमा होणं म्हणजे व्यवहार नाही

माझी चूक इथेच झाली होती. खातं चालू आहे की नाही हे ठरवताना बँक फक्त ग्राहकाने केलेले किंवा ग्राहकाच्या सांगण्यावरून झालेले व्यवहार मोजते. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस त्यात येत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहेत. सेव्हिंग खात्यात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ग्राहकाकडून काहीच हालचाल झाली नाही, तर ते खातं निष्क्रिय धरलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत याला `Inoperative` म्हणतात, बऱ्याच बँका `Dormant` लिहितात. काही बँका एक वर्ष झालं की आधी `Inactive` दाखवतात.

माझा हिशोब बघा. मी शेवटचे पैसे एटीएममधून काढले 4 मार्च 2023 ला. नंतर नोकरी बदलली, नवीन खातं आलं, यूपीआय त्यालाच जोडलं. मार्च 2025 मध्ये दोन वर्षं भरली आणि खातं निष्क्रिय झालं. मला कळलं जूनमध्ये.

मग मोजलं काय जातं? पैसे पाठवणं, काढणं किंवा भरणं तर आहेच. तुम्ही लावून ठेवलेला ऑटो-डेबिट हप्ताही धरला जातो. शिवाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये यशस्वी लॉगिन, यूपीआय पिन टाकून बॅलन्स बघणं, चेकबुक मागवणं, केवायसी अपडेट करणं हेही नियमात बसतं. तरी माझा सल्ला असा, की नुसत्या लॉगिनवर विसंबू नका. वर्षातून एकदा त्या खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात दहा रुपये पाठवा. ती नोंद स्टेटमेंटमध्ये दिसते, वाद उरत नाही.

शिष्यवृत्ती किंवा सरकारी योजनांच्या पैशांसाठी उघडलेली झिरो बॅलन्स खाती बँकेने वेगळी ठेवायची असतात. दोन वर्षं व्यवहार नसला तरी ती निष्क्रिय करता येत नाहीत.

इशाऱ्याचा मेसेज कसा वाचायचा?

एक वर्ष हालचाल नसेल, तर पुढच्या वर्षभरात व्यवहार न केल्यास खातं निष्क्रिय होईल, असं बँकेने ग्राहकाला पत्र, ईमेल किंवा एसएमएसने कळवायचं असतं. मलाही एप्रिल 2024 मध्ये मेसेज आला होता. जुने मेसेज शोधले तेव्हा सापडला. साधारण असा होता: 'तुमच्या XX42 खात्यात एक वर्षात व्यवहार झालेला नाही. खाते निष्क्रिय होऊ नये म्हणून कृपया व्यवहार करा.' मी तो जाहिरात समजून सोडून दिला होता.

आता मेसेज आला की आधी तो नेमकं काय सांगतोय ते बघा. 'निष्क्रिय होईल' असं असेल तर अजून वेळ आहे, एक छोटा व्यवहार केला की काम झालं. 'निष्क्रिय झाले आहे' असेल तर पैसे बाहेर जाणार नाहीत, केवायसी करावी लागेल. आणि 'केवायसी बाकी आहे' हा वेगळाच विषय आहे. रोज वापरातल्या खात्यालाही तो मेसेज येतो आणि दहा रुपये पाठवून तो सुटत नाही.

दुसरी गोष्ट, मेसेज खरा आहे का? 'आज रात्री खातं बंद होईल, या लिंकवर क्लिक करा' किंवा 'ही एपीके फाइल टाका' असं असेल तर ती फसवणूक समजा. दोन वर्षांनी होणारी गोष्ट एका रात्रीत होत नाही. मेसेजमधल्या लिंकवर कधीच जाऊ नका. फोनमधलं बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा किंवा वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. भारतातल्या बँकांच्या वेबसाइट आता `.bank.in` ने संपतात, तेही तपासा.

खातं परत चालू कसं करायचं?

माझी मूळ शाखा हिंजवडीला आणि मी सांगलीत. वाटलं, आता पुण्याला जावं लागणार. पण नियमानुसार त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसी देता येते. मी सांगलीच्या शाखेत गेलो, तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "होम ब्रँचला जावं लागेल." मी शांतपणे म्हटलं, "मॅडम, कोणत्याही शाखेत होतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एकदा मॅनेजर साहेबांना विचारता का?" त्या आत जाऊन आल्या आणि फॉर्म दिला.

1. खातं परत चालू करण्याचा अर्ज आणि केवायसी फॉर्म भरला. सोबत आधार, पॅन आणि फोटो दिला. मूळ कागद दाखवायला जवळ ठेवा.
2. सही जुन्या सहीसारखीच केली. सही जुळली नाही तर अर्ज अडकतो.
3. मोबाइल नंबर तोच आहे ना, ते तपासून घेतलं. बदलला असेल तर त्याचा अर्ज त्याच वेळी द्या, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहील.
4. अर्जाची पोच तारखेसह घेतली.

कागद पूर्ण असतील तर बँकेने तीन कामकाजाच्या दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो. माझं काम तिसऱ्या दिवशी झालं, मेसेज आला. यासाठी एक रुपयाही फी लागत नाही. खातं निष्क्रिय असताना मिनिमम बॅलन्सचा दंडही लावता येत नाही आणि व्याज मिळत राहतं.

शाखेत जाणं जमत नसेल तर बँकेकडे व्हिडिओ केवायसी आहे का ते विचारा. 2025 पासून बँकांना या कामासाठी गावातल्या बँक मित्राचीही मदत घेता येते.

खातं चालू झाल्या झाल्या मी शंभर रुपये दुसऱ्या खात्यात पाठवले. ते गेल्यावरच खात्री पटली. डेबिट कार्डची मुदत संपली होती, ते नवीन मागवलं.

बँकेने टाळाटाळ केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते.

दहा वर्षं झाली असतील तर?

दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात. ते बुडत नाहीत, बँकेकडे मागणी केली की परत मिळतात. आजोबांचं एखादं विसरलेलं खातं असेल, तर `udgam.rbi.org.in` वर नाव टाकून शोधता येतं.

आता फोन हातात आहेच, तर यूपीआय अ‍ॅपमध्ये जोडलेली सगळी खाती बघा. ज्या खात्यातून शेवटचे पैसे कधी पाठवले ते आठवत नाही, त्यातून आत्ताच दहा रुपये पाठवून बघा. गेले तर खातं चालू आहे. नाही गेले, तर बँकेचं अ‍ॅप उघडून खात्याची स्थिती तपासा. फीच्या शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.