जाताना एक पाऊल, येताना साखळी

मोटरचा दांडा किती अंशांत फिरला हे मोजणाऱ्या एन्कोडरच्या चकतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक बिट. साध्या द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चकती ७ वरून ८ वर जाताना चारही वर्तुळं एकाच क्षणी बदलायला हवीत, पण सेन्सर केसभर पुढेमागे असतातच. त्या संधीत वाचलं तर ० ते १५ पैकी कोणताही आकडा हाती येऊ शकतो.

बेल लॅबमधल्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ साली ज्या परावर्तित द्विमान संकेताच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ही अडचण उरत नाही. शेजारच्या दोन आकड्यांत फक्त एकच बिट वेगळा असतो: ७ म्हणजे ०१००, ८ म्हणजे ११००. मात्र या संकेतात बेरीज-वजाबाकी सरळ होत नाही. म्हणून चकतीवरून वाचलेलं पुन्हा साध्या द्विमानात आणावं लागतं.

दोन्ही दिशांना हत्यार एकच, एक्सॉर गेट. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात; कोणतंही एक दाबलं की दिव्याची स्थिती उलटते. एक्सॉर तसाच वागतो. दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०.

जाताना ग्रे संकेताचा प्रत्येक बिट शेजारच्या दोन द्विमान बिटांच्या एक्सॉरमधून मिळतो. सर्वांत डावीकडचा बिट तसाच उतरतो. १३ घेऊ: ११०१. पहिला १. मग १ आणि १ सारखे, म्हणून ०. पुढे १ आणि ० वेगळे, म्हणून १. शेवटी ० आणि १, पुन्हा १. झाला १०११. यातलं कोणतंही गेट दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबत नाही, कारण मूळ बिट सगळे हाताशी असतात.

परतताना ते हाताशी नसतात. डावीकडचा पहिला १ तेवढा फुकट मिळतो. पुढचा द्विमान बिट हवा तर नुकताच मिळालेला बिट आणि ग्रेचा पुढचा बिट यांचा एक्सॉर करायचा: १ आणि ० चा १. तो १ आणि ग्रेचा १ मिळून ०. तो ० आणि ग्रेचा शेवटचा १ मिळून १. मिळालं ११०१, म्हणजे १३. प्रत्येक गेटला आधीच्या गेटचं उत्तर लागतं. चार बिटांना इकडेही तीन गेट, तिकडेही तीनच. सामान सारखं, पण जाताना एका गेटचा उशीर, येताना तिघांचा. बारा बिटांच्या एन्कोडरला तो अकरा गेटांचा होतो.

या उशिराचा खरा त्रास वेगापेक्षा वेगळाच आहे. ७ वरून ८ वर जाताना ग्रेचा फक्त डावीकडचा बिट बदलला. साखळीच्या तोंडाशी मात्र आधी ११११ दिसतं, एका गेटनंतर १०११, मग १००१ आणि अखेर १०००. म्हणजे १५, ११, ९ आणि मग ८! ज्या घोटाळ्यासाठी ग्रे संकेत आणला, तोच मागच्या दाराने परत आला. उपाय साधा आहे: ग्रे बिट आधी रजिस्टरमध्ये धरून ठेवायचे आणि साखळी स्थिरावल्यावरच उत्तर उचलायचं.

चुकीचं ओझंही दोन्हीकडे सारखं नाही. जाताना एक द्विमान बिट बिघडला तर ग्रेचे फार तर दोन बिट बिघडतात. येताना बिघाड जिथे शिरेल तिथून उजवीकडचं सगळं उलटतं. १०११ मधला डावीकडचा बिट गेला तर १३ च्या जागी २ येतात.

सॉफ्टवेअरमध्ये साखळी थोडी आखडता येते. सोळा बिटांसाठी एवढं पुरतं, `b` मध्ये सुरुवातीला ग्रे संकेत असेल तर:

```
b ^= b >> 1;
b ^= b >> 2;
b ^= b >> 4;
b ^= b >> 8;
```

पंधरा पायऱ्यांऐवजी चार, कारण प्रत्येक ओळीत बिटांची पोहोच दुप्पट होते. यातली फक्त पहिली ओळ लिहिली तर ते जाण्याचंच सूत्र ठरतं. ही चूक चटकन सापडत नाही: ० ते ३ पर्यंत उत्तरं बरोबर येतात आणि ४ च्या जागी ५ येतो. तेव्हा दोन-तीन लहान आकडे तपासून समाधान मानू नये. हातानं पडताळायची एक युक्ती आहे. ग्रे संकेतातले १ मोजा. ते विषम असतील तर मूळ आकडा विषम, सम असतील तर सम. १०११ मध्ये तीन १ आहेत, आणि १३ विषमच आहे.