गाडीच्या पॉलिसीतील मालकाचा अपघात विमा

गाडीचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा मालकाने इतरांच्या केलेल्या नुकसानीची भरपाई देतो. गाडी घसरून मालक स्वतःच दगावला, तर त्यातून त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. ही उणीव मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा भरून काढतो. पॉलिसीच्या कागदावर तो ‘पीए कव्हर’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो.

पूर्वी त्याची रक्कम दुचाकीसाठी १ लाख आणि मोटारीसाठी २ लाख रुपये, म्हणजे फारच तुटपुंजी होती. २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने ती १५ लाखांवर नेली. २०१९ पासून हे संरक्षण स्वतंत्र पॉलिसी म्हणूनही घेता येते. ज्याच्याकडे किमान १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच आहे, त्याला गाडीसोबत ते पुन्हा घ्यावे लागत नाही.

मृत्यू झाल्यास पूर्ण रक्कम नॉमिनीला मिळते. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले, एक अवयव आणि एक डोळा गेला, किंवा इतर इजांमुळे कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तरी १५ लाख मिळतात. एकच हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मे. समजा, पावसात स्कूटर घसरून मालकाचा पाय कापावा लागला, तर साडेसात लाख मिळतील. त्याच अपघातात मांडीचे हाड मोडून तो तीन महिने प्लॅस्टरमध्ये पडून राहिला आणि नंतर बरा झाला, तर एक रुपयाही मिळणार नाही. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार या विम्यात बसत नाहीत; त्यासाठी आरोग्य विमाच हवा. मृत्यू किंवा अपंगत्व इजेपासून सहा महिन्यांच्या आत ओढवलेले असावे, अशीही अट आहे.

सर्वाधिक गैरसमज मात्र ‘मालक-चालक’ कोणाला म्हणायचे यावरून होतात. आरसी बुकात ज्याचे नाव आहे, पॉलिसीही ज्याच्या नावावर आहे आणि अपघाताच्या वेळी ज्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचा वैध परवाना होता, तोच मालक-चालक. नवऱ्याच्या नावावरची स्कूटर रोज बायको चालवते, हे घरोघरी दिसते. तिचा अपघाती मृत्यू झाला तर या विम्यातून दावा मिळत नाही. परवाना आणि नाते असूनही ती मालक नसते. अशा घरात गाडी जो रोज चालवतो त्याच्या नावावर असणे किंवा त्याचा वेगळा अपघात विमा असणे गरजेचे आहे. जुनी गाडी घेऊन आरसी नावावर करून न घेणाराही असाच उघड्यावर राहतो. कंपनीच्या नावावरच्या गाडीला तर हे कव्हर लागूच होत नाही.

दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेला अपघात, आत्महत्या आणि जाणूनबुजून करून घेतलेली इजा यांवर दावा फेटाळला जातो. म्हणूनच मृत्यूच्या दाव्यात एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल बारकाईने पाहिले जातात. सोबत आरसी, परवाना आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.