चार मार्च की तीन एप्रिल?

पुण्याजवळची, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या भागांची चाचणी ब्रिटनमधली एक प्रयोगशाळा करते आणि त्याचं बिल ईमेलने पाठवते. बिलाची तारीख 04/03/2025, पैसे देण्याची अखेरची तारीख 02/06/2025, उधारीची मुदत ९० दिवस. बिल उघडून आकडे हाताने टिपण्याचं काम आता लेखा विभागात फारसं कोणी करत नाही. सॉफ्टवेअर पीडीएफ वाचतं, पुरवठादाराचं नाव, रक्कम, कर, तारीख वेगवेगळ्या रकान्यांत भरतं आणि नोंद पुढे सरकते. या बिलातला प्रत्येक आकडा सॉफ्टवेअरने बरोबर वाचला. तरीही वहीत तारीख पडली ३ एप्रिल २०२५. बिल होतं ४ मार्चचं.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच आधी दिवस आणि मग महिना लिहितात. अमेरिकेत महिना आधी येतो. जर्मनीत दिवसच आधी, पण मध्ये तिरक्या रेघेऐवजी टिंब असतं. चीन, जपान, कोरियात वर्षापासून सुरुवात होते, त्यामुळे तिथल्या तारखांनी सहसा घोळ होत नाही. खरी अडचण पहिल्या दोन पद्धतींची, कारण कागदावर त्या हुबेहूब सारख्या दिसतात.

हा गोंधळ किती दिवसांचा, हे बोटांवर मोजता येतं. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून लहान असेल तरच तो महिना म्हणून वाचता येतो. बारा महिन्यांतले पहिले बारा दिवस धरले तर १४४ तारखा होतात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरतात १३२, म्हणजे वर्षातल्या दर तीन दिवसांपैकी एकाहून थोडे जास्तच.

उरलेल्या तारखा सुरक्षित असतात, आणि धोका नेमका त्यांच्यामुळेच लपतो. तारखा ओळखणारी अनेक तयार साधनं एक पद्धत गृहीत धरून चालतात, पण ती पद्धत लागू पडली नाही तर तक्रार न करता दुसरी वापरतात. पायथन भाषेतलं `dateutil` हे त्यातलं फार वापरलं जाणारं साधन. त्याला काही न सांगता दोन तारखा दिल्या तर असं होतं:

```python
from dateutil import parser
parser.parse("28/03/2025")  # 2025-03-28
parser.parse("04/03/2025")  # 2025-04-03
```

अठ्ठाविसावा महिना नसतो, म्हणून पहिल्या ओळीत त्याने निमूटपणे अठ्ठावीस हा दिवस मानला. दुसऱ्या ओळीत अडण्याचं कारणच नव्हतं, म्हणून चार हा महिना झाला. एकाच पुरवठादाराची दोन बिलं, दोन वेगळ्या पद्धतींनी वाचली गेली. `dayfirst=True` असं सांगितलं तर ही तारीख सुधारते, पण तो आदेश कडक नाही. मग 03/28/2025 सुद्धा विनातक्रार २८ मार्च म्हणून आत येते आणि अमेरिकन बिलं महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चुकू लागतात. नवं सॉफ्टवेअर महिनाअखेरच्या बिलांवर तपासून घेतलं असेल तर चाचणीत सगळं बरोबर निघतं. ज्या साधनाला शंका आहे त्याने थांबायला हवं, अंदाज करायला नको. त्यामुळे असं काम करताना अपेक्षित पद्धत स्पष्ट लिहून द्यावी आणि ती जुळली नाही तर नोंद अडवावी.

चाचणीच्या त्या बिलाचं पुढे काय होतं? ४ मार्च हा २०२४-२५ या आर्थिक वर्षातला, ३ एप्रिल पुढच्या वर्षातला. खर्च एका वर्षातून दुसऱ्यात सरकतो. परदेशातून घेतलेल्या अनेक सेवांवरचा जीएसटी भारतातल्या कंपनीलाच भरावा लागतो, आणि बिलाची तारीख चुकली तर तो भरण्याचा महिनाही चुकू शकतो. असा कर नंतरच्या विवरणात गेला तर उशिराबद्दल वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज लागतं.

उत्तर मात्र त्याच कागदावर होतं. ४ मार्चपासून ९० दिवस मोजले तर २ जून येतो, आणि 02/06/2025 दिवस आधी धरून वाचल्यास तेच सांगते. महिना आधी धरला तर बिल ३ एप्रिलचं आणि पैसे देण्याची तारीख ६ फेब्रुवारी, म्हणजे बिल निघण्याच्या दोन महिने आधी. दोन्ही तारखा संदिग्ध असल्या तरी त्यांच्यातलं अंतर संदिग्ध नसतं. म्हणून सॉफ्टवेअरने तारखा सुट्या सुट्या न वाचता दोन्ही पद्धतींनी जोडीने वाचाव्यात आणि मुदतीशी जुळणारी जोडी ठेवावी. हीच कसोटी ईमेल मिळाल्याच्या दिवसालाही लावता येते. हे बिल ५ मार्चला आलं असेल, तर त्यावर ३ एप्रिल ही तारीख बसणं कठीणच. मात्र मार्चमधली साचलेली बिलं कोणी एप्रिलच्या मध्यावर वाचायला घेतली आणि आजच्या तारखेशीच ताडून पाहिली, तर ३ एप्रिल अगदी साधी दिसते.

पुरवठादाराची जुनी बिलंही उपयोगी पडतात. त्यात एखादी 17/02/2025 सापडली की त्याची पद्धत कळली. देशावरून किंवा चलनावरून ठरवणं त्यामानाने कच्चं. डॉलरमधलं बिल चीनमधून येऊ शकतं, आणि युरोपातली कंपनी अमेरिकन सॉफ्टवेअरवर बिलं बनवत असेल तर महिना आधी छापला जाऊ शकतो. पुरवठादाराने बिलाचं सॉफ्टवेअर बदललं की जुनी ओळखही पुन्हा तपासावी लागते.

चूक आधीच वहीत शिरली असेल तर ती शोधायची एक सोपी खूण आहे. या प्रयोगशाळेने १ ते १२ मार्चदरम्यान पाठवलेली बिलं उलटी वाचली गेली तर ती ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३ मार्च, ३ एप्रिल अशी वर्षभर विखुरतात. एका पुरवठादाराची बरीच बिलं वेगवेगळ्या महिन्यांच्या एकाच तारखेवर बसलेली दिसली, की मूळ कागद काढून बघायचा. त्यासाठी बिलावर छापलेली तारीख जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात जपलेली हवी. फक्त अर्थ लावलेली तारीख ठेवली तर उलटतपासणीला काही उरत नाही.

काही बिलांत हा प्रश्नच येत नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या पीडीएफमध्ये यंत्राने वाचायची वेगळी फाइल दडलेली असते, आणि तिच्यात ४ मार्च ही तारीख 20250304 अशी वर्षापासून लिहिलेली असते. अशी फाइल असताना छापील चित्रावरून तारीख वाचण्यात अर्थ नाही.

सगळ्यात अवघड बिलं कॅनडाची. तिथे दिवस आधी, महिना आधी आणि वर्ष आधी अशा तिन्ही पद्धती चालतात. नव्या कॅनेडियन पुरवठादाराचं पहिलंच बिल, तारीख 04/03/2025, आणि मुदतीच्या जागी ‘बिल मिळताच पैसे द्यावेत’ एवढंच. मार्चमधली बिलं साचून एप्रिलच्या मध्यावर उघडली, ईमेल कधी आला याची नोंद कोणी ठेवली नाही, तर जोडी जुळवायला दुसरी तारीख नाही आणि ताडून पाहायला जुनं बिलही नाही. अशा वेळी तारखेचा रकाना रिकामा ठेवून नोंद अडवून धरावी लागते, आणि लेखा विभागातलं कोणीतरी पुरवठादाराला दोन ओळी लिहितं: तुमच्या बिलाची तारीख ४ मार्च आहे की ३ एप्रिल? महिन्याचं नाव अक्षरात लिहून कळवावं.